पाने नेहमी एकाने जास्त: वृक्षाच्या घडणीवरून मिळणारी सिद्धता

संगणकशास्त्रातला वृक्ष उलटा काढतात. मूळ वर असते आणि फांद्या खाली पसरतात. फांद्या जिथे फुटतात किंवा संपतात त्या प्रत्येक बिंदूला नोड म्हणतात. एका नोडला खाली जास्तीत जास्त दोनच नोड जोडता येत असतील, तर तो वृक्ष बायनरी ट्री ठरतो. खाली जोडलेले नोड ही वरच्या नोडची अपत्ये. अपत्य नसलेला नोड म्हणजे पान, आणि अपत्ये असलेला नोड म्हणजे अंतर्गत नोड. बायनरी ट्रीचा एक शिस्तीचा प्रकार आहे, फुल बायनरी ट्री. त्यात प्रत्येक नोडला एकतर दोन अपत्ये असतात किंवा एकही नसते. एकुलते अपत्य चालत नाही. अशा वृक्षाबद्दलचे एक विधान असे: त्याचा आकार कसाही असो, पानांची संख्या अंतर्गत नोडांच्या संख्येपेक्षा बरोबर एकाने जास्त असते.

शाळेतल्या गणितातही हे वृक्ष लपलेले असतात. (७ + २) × (९ − (४ + १)) ही राशी घेऊ. सर्वात शेवटी गुणाकार करायचा असतो, म्हणून तो मुळाशी बसतो. त्याच्या डाव्या हाताला बेरीज आणि तिच्याखाली ७ व २. उजव्या हाताला वजाबाकी. तिच्याखाली डावीकडे ९ आणि उजवीकडे आणखी एक बेरीज, जिच्याखाली ४ व १. आकडे सगळे पानांवर आले आणि क्रियांची चिन्हे सगळी अंतर्गत नोडांवर. पाने पाच, अंतर्गत नोड चार. कंस हलवून याच पाच आकड्यांची दुसरी राशी केली तर वृक्ष एका बाजूला झुकेल किंवा समतोल होईल, पण दोन आकड्यांवर होणाऱ्या क्रिया चारच राहतील.

चार अंतर्गत नोडांचे फुल ट्री डावे-उजवे वेगळे धरून एकूण १४ आकारांचे होतात. तेवढे कागदावर काढून मोजता येतील. अंतर्गत नोड दहा असले की आकार १६,७९६ होतात, आणि त्यापुढे ही संख्या झपाट्याने वाढत जाते. सगळे वृक्ष तपासून विधान सिद्ध होणे अशक्य आहे, कारण वृक्ष अनंत आहेत. तेव्हा वृक्षांची गणती सोडून वृक्ष कसा घडतो याकडे पाहावे लागते.

फुल ट्रीची व्याख्या घडणीच्या भाषेत अशी करता येते. एकटा नोड हा फुल ट्री आहे. दोन फुल ट्री हाताशी असतील, तर एक नवा नोड घेऊन त्याच्या डाव्या बाजूला पहिला आणि उजव्या बाजूला दुसरा जोडला की जे तयार होते तेही फुल ट्री आहे. या दोन नियमांनी, मर्यादित पायऱ्यांत, जे घडते तेवढेच फुल ट्री. दुसरे काहीही नाही. व्याख्येत ‘फुल ट्री’ हा शब्द पुन्हा ‘फुल ट्री’नेच समजावला आहे, तरी ती गोल फिरत नाही, कारण दर वेळी मोठा वृक्ष आधी तयार असलेल्या लहान वृक्षांवरून सांगितलेला असतो आणि ही उतरण शेवटी एकट्या नोडवर थांबते. अशा व्याख्येला पुनरावर्ती व्याख्या म्हणतात. तिसरे वाक्य वाचताना शोभेचे वाटते, पण सगळी सिद्धता त्याच्यावर उभी आहे. त्याचे कारण पुढे येईल.

वृक्ष या दोनच वाटांनी घडतात, तर त्यांच्याबद्दलचे विधानही दोनच ठिकाणी तपासले की पुरते. एकट्या नोडसाठी ते खरे आहे का, आणि दोन वृक्षांसाठी ते खरे आहे असे धरले तर त्यांना जोडून झालेल्या वृक्षासाठी ते टिकते का? दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘हो’ असेल, तर विधान प्रत्येक वृक्षासाठी खरे. या पद्धतीला स्ट्रक्चरल इंडक्शन, म्हणजे संरचनेवरचे विगमन म्हणतात. इंग्लंडच्या ‘द कम्प्युटर जर्नल’मध्ये १९६९ साली रॉड बर्स्टल यांनी शीर्षकात हे नाव असलेला एक निबंध लिहिला आणि संगणकाचे प्रोग्रॅम बरोबर आहेत हे सिद्ध करण्यासाठी ही पद्धत कशी वापरावी ते दाखवले. तेव्हापासून हे नाव रूढ आहे.

आता प्रत्यक्ष सिद्धता. वृक्षातल्या पानांची संख्या ‘प’ आणि अंतर्गत नोडांची संख्या ‘अ’ मानू. दाखवायचे आहे ते प = अ + १.

पहिली पायरी एकट्या नोडची. त्याला अपत्ये नाहीत, म्हणून तो स्वतःच पान आहे. प = १, अ = ०, आणि १ = ० + १. विधान खरे ठरले.

दुसरी पायरी जोडणीची. डाव्या वृक्षात पाने प₁ आणि अंतर्गत नोड अ₁ आहेत, उजव्यात प₂ आणि अ₂. दोघांसाठी विधान खरे आहे असे गृहीत धरू: प₁ = अ₁ + १ आणि प₂ = अ₂ + १. आता नव्या मुळाखाली दोन्ही जोडले. जोडताना जुन्या नोडांच्या खालचे काहीच बदलले नाही; जे पान होते ते पानच राहिले, जो अंतर्गत होता तो अंतर्गतच राहिला. नवे मूळ मात्र दोन अपत्यांचे आहे, म्हणून ते अंतर्गत नोडांत जमा झाले. तेव्हा नव्या वृक्षात

प = प₁ + प₂
अ = अ₁ + अ₂ + १

पहिल्या ओळीत गृहीतके घातली की प = (अ₁ + १) + (अ₂ + १) = (अ₁ + अ₂ + १) + १ मिळते. कंसात आहे ते दुसऱ्या ओळीतले अ. म्हणजेच प = अ + १. सिद्धता संपली.

इतक्या छोट्या सिद्धतेत नेमके काय घडले ते ‘प वजा अ’ या फरकाकडे पाहिले की स्पष्ट होते. डाव्या वृक्षात पानांची आघाडी एकची, उजव्यातही एकची. दोन्ही एकत्र आले की आघाडी दोनची होते आणि नवे मूळ त्यातला एक खाऊन टाकते. एक अधिक एक वजा एक म्हणजे पुन्हा एक. वृक्ष कितीही वाढला तरी हा फरक हलत नाही.

वरच्या राशीवर हाच हिशेब चालवून पाहता येतो. ७ आणि २ ही दोन सुटी पाने. त्यांना बेरजेने जोडल्यावर पाने दोन, अंतर्गत नोड एक. ४ आणि १ यांचेही तसेच. या दुसऱ्या जोडीला ९ हे सुटे पान वजाबाकीने जोडले, तेव्हा पाने तीन आणि अंतर्गत नोड दोन झाले. शेवटी गुणाकाराने दोन्ही बाजू एकत्र आल्या: पाने दोन अधिक तीन म्हणजे पाच, अंतर्गत नोड एक अधिक दोन अधिक एक म्हणजे चार. प्रत्येक टप्प्यावर फरक एकचा होता. सामान्य सिद्धता हीच वाटचाल कुठल्याही वृक्षासाठी एकदाच करून ठेवते.

प्रोग्रॅमिंग करणाऱ्याला ही सिद्धता ओळखीची वाटते, कारण वृक्ष मोजणारा प्रोग्रॅमही याच दोन वाटांनी लिहिला जातो. हॅस्केल या भाषेत तो असा दिसतो:

```haskell
data Tree = Leaf | Node Tree Tree

leaves Leaf       = 1
leaves (Node a b) = leaves a + leaves b

inner Leaf        = 0
inner (Node a b)  = inner a + inner b + 1
```

पहिली ओळ वृक्षाची व्याख्या आहे. पुढे प्रत्येक फलनाच्या दोन ओळी आहेत, एक पानासाठी आणि एक जोडणीसाठी. सिद्धतेच्या दोन पायऱ्या याच ओळींवरून वाचता येतात. फलन लहान वृक्षांसाठी स्वतःलाच बोलावते, तिथे सिद्धता लहान वृक्षांचे गृहीतक वापरते.

‘विधान लहान वृक्षांसाठी खरे आहे असे धरू’ या वाक्यापाशी अनेक वाचक अडखळतात. जे सिद्ध करायचे तेच गृहीत धरले, असे वाटते. ही शंका रास्त आहे आणि तिचे पूर्ण उत्तर देता येते. समजा, एखादा फुल ट्री विधान मोडतो. असे जेवढे वृक्ष असतील त्यांपैकी सर्वात कमी नोडांचा एक निवडू. तो एकटा नोड असू शकत नाही, कारण तिथे विधान खरे असल्याचे तपासले आहे. मग व्याख्येनुसार तो दोन फुल ट्री जोडून झाला असला पाहिजे. त्या दोघांत नोड कमी आहेत, आणि विधान मोडणाऱ्यांतला सर्वात लहान वृक्ष तर हाच होता, म्हणून त्या दोघांनी विधान पाळलेच पाहिजे. पण दोघे पाळतात तर जोडलेला वृक्षही पाळतो, हे दुसऱ्या पायरीने दाखवले आहे. म्हणजे विधान मोडणारा वृक्ष विधान पाळतो. ही विसंगती आली, तेव्हा असा वृक्ष असूच शकत नाही. गृहीतक फक्त लहान वृक्षांबद्दल होते, सिद्ध केले ते मोठ्याबद्दल.

‘दुसरे काहीही नाही’ हे वाक्य इथे कामी आले. फुल ट्रीची दुसरी एक व्याख्या प्रचलित आहे: प्रत्येक नोडला शून्य किंवा दोन अपत्ये. मर्यादित वृक्षांपुरत्या दोन्ही व्याख्या एकच आहेत. पण प्रत्येक नोडला दोन अपत्ये, त्या अपत्यांना पुन्हा दोन, असे न संपणारे झाड कल्पिले, तर ते दुसऱ्या व्याख्येत बसते आणि त्याला एकही पान नसते. पानांची आघाडी तिथे अर्थहीन होते. घडणीच्या व्याख्येत हे झाड येत नाही, कारण एकट्या नोडपासून मर्यादित पायऱ्यांत ते कधीच तयार होणार नाही.

सुरुवातीचा वृक्ष बदलला तरी निष्कर्ष बदलतो. बऱ्याच पुस्तकांत बायनरी ट्रीची व्याख्या रिकाम्या वृक्षापासून सुरू होते, ज्यात एकही नोड नाही. त्यात पाने शून्य आणि अंतर्गत नोडही शून्य, म्हणून प = अ + १ तिथेच कोसळते. हे प्रमेय मांडताना वृक्ष एका नोडपासून सुरू होतो, हे म्हणूनच स्पष्ट सांगावे लागते. एकुलत्या अपत्याला परवानगी दिली तरी विधान टिकत नाही: शंभर नोड एकाखाली एक लोंबणाऱ्या साखळीत पान एक आणि अंतर्गत नोड ९९.

परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत दिसणारी सर्वात घातक चूक वेगळी आहे. तिथे वृक्ष तोडण्याऐवजी वाढवला जातो: ‘एक वृक्ष घ्या, त्याच्या एका पानाला दोन अपत्ये जोडा, पान एक गेले, दोन आली, अंतर्गत नोड एक वाढला, म्हणून फरक तसाच.’ निष्कर्ष खरा आहे, पण युक्तिवाद अपुरा आहे. अशा वाढवण्याने प्रत्येक फुल ट्री मिळतो, हे त्यात कुठेच दाखवलेले नाही. या विशिष्ट प्रसंगी ती उणीव भरता येते. एकापेक्षा जास्त नोड असलेल्या वृक्षात सर्वात खोलचे पान घ्यावे. त्याचे भावंडही पानच असते, कारण त्याला अपत्ये असती तर ती आणखी खोल गेली असती. ही जोडी काढून टाकली की लहान फुल ट्री उरतो, म्हणजे प्रत्येक वृक्ष वाढवून मिळतो. पण ही उणीव प्रत्येक वेळी भरता येईलच असे नाही, आणि ती न भरता पुढे गेले की खोटी विधानेही ‘सिद्ध’ होतात.

एक उदाहरण पाहू. मुळापासून सर्वात खोल पानापर्यंत जितके दुवे असतात ती वृक्षाची उंची. खोटे विधान असे: उंची ‘उ’ असलेल्या प्रत्येक फुल ट्रीत २उ + १ नोड असतात. उंची शून्य असताना एक नोड, ठीक. आता उंची ‘उ’ आणि २उ + १ नोड असलेला वृक्ष घेऊन त्याच्या सर्वात खोल पानाला दोन अपत्ये जोडली. उंची एकाने वाढली, नोड दोनांनी वाढले, संख्या २(उ + १) + १ झाली. सिद्धता पूर्ण झाल्यासारखी दिसते. पण मुळाला दोन अपत्ये आणि त्या दोघांनाही दोन-दोन अपत्ये असा साधा वृक्ष काढला, तर उंची दोन आणि नोड सात येतात. सूत्र पाच सांगते. चूक अशी की या वाढवण्याने फक्त एका बाजूने लांबत जाणारे वृक्ष मिळाले, दोन्ही बाजूंना फुलणारे वृक्ष वाटेत आलेच नाहीत.

हेच विधान संरचनेवरच्या विगमनाने तपासले की चूक लगेच उघडी पडते. दोन वृक्षांच्या उंच्या उ₁ आणि उ₂ असतील, तर गृहीतकानुसार जोडलेल्या वृक्षात (२उ₁ + १) + (२उ₂ + १) + १, म्हणजे २उ₁ + २उ₂ + ३ नोड येतात. नवी उंची मात्र दोघांतल्या मोठ्या उंचीपेक्षा एकाने जास्त असते. उ₁ मोठी मानली तर सूत्राला २उ₁ + ३ नोड हवेत. दोन्ही तेव्हाच जुळतात जेव्हा उ₂ शून्य असते. पायरी अडते, आणि ती कुठे अडली हेही कळते. याच आकडेमोडीतून खरे विधानही हाती लागते: नोड कमीत कमी २उ + १ असतात. मोठा वृक्ष निदान २उ₁ + १ नोड देतो, लहान वृक्ष निदान एक, आणि मूळ एक. बेरीज निदान २(उ₁ + १) + १ होते.

विगमनाचा आणखी एक गुण पानांच्या प्रमेयातच दिसतो, आणि तो पहिल्यांदा भेटतो तेव्हा उलटा वाटतो. समजा, कोणाला एवढेच दाखवायचे आहे की पाने अंतर्गत नोडांपेक्षा कमी कधीच नसतात, म्हणजे प ≥ अ. हे विधान मूळ प्रमेयापेक्षा कमकुवत आहे, आणि खरे तर आहेच. जोडणीच्या पायरीत प₁ ≥ अ₁ आणि प₂ ≥ अ₂ गृहीत धरले. त्यातून प₁ + प₂ ≥ अ₁ + अ₂ मिळते. पण हवे आहे ते प₁ + प₂ ≥ अ₁ + अ₂ + १, कारण नवे मूळ मोजायचे आहे. एकाची तूट राहते आणि ती गृहीतकातून भरून निघत नाही. कमकुवत, सोपे वाटणारे विधान सरळ सिद्ध होत नाही, आणि त्याहून जास्त सांगणारे प = अ + १ सहज सिद्ध होते. कारण विगमनात विधान दोन कामे करते. ते शेवटी सिद्ध करायचे असते आणि मधल्या पायरीत लहान वृक्षांबद्दल हाती असलेली माहितीही तेच असते. विधान बळकट केले की काम वाढते, पण हातातली माहितीही वाढते. सिद्धता एकाच्या तुटीने अडली, तर विधानात तो एक घालून पुन्हा प्रयत्न करावा, हा या क्षेत्रातल्या जाणत्यांचा नेहमीचा उपाय आहे.

हे प्रमेय हाती असले की काही हिशेब न मोजता सुटतात. बाद पद्धतीच्या स्पर्धेत खेळाडू पाने असतात आणि प्रत्येक सामना दोन बाजूंना जोडणारा अंतर्गत नोड. विम्बल्डनच्या एकेरीत १२८ खेळाडू उतरतात, म्हणून सामने १२७. इथे संख्या दोनच्या घातात आहे, म्हणून ६४ + ३२ + १६ असे फेरीनिहाय मोजूनही उत्तर येते. पण शंभर खेळाडू असले आणि काहींना पहिल्या फेरीत पुढे चाल मिळाली, तर फेऱ्या मोजणे किचकट होते. ज्याला पुढे चाल मिळते त्याचे पान फक्त थोडे वर लागते. नोडला एकुलते अपत्य तेव्हाही नसते, म्हणून सामने ९९.

दुसरा हिशेब संगणकाच्या स्मृतीचा आहे. साध्या बायनरी ट्रीत, म्हणजे एकुलते अपत्य चालते अशा वृक्षात, प्रत्येक नोड साठवताना डाव्या आणि उजव्या अपत्याचा पत्ता लिहिण्यासाठी दोन जागा ठेवतात. अपत्य नसेल तिथे जागा रिकामी राहते. अशा एकूण रिकाम्या जागा किती? प्रत्येक रिकाम्या जागी एक काल्पनिक पान लावले. आता मूळच्या प्रत्येक नोडला बरोबर दोन अपत्ये झाली आणि काल्पनिक पानांना एकही नाही. साधा वृक्ष फुल ट्री झाला. मूळचे सगळे नोड त्याचे अंतर्गत नोड ठरले आणि रिकाम्या जागा त्याची पाने. म्हणून मूळ वृक्षात हजार नोड असतील तर रिकाम्या जागा १००१, मग वृक्ष साखळीसारखा लोंबता असो की दोन्ही बाजूंना भरलेला. पत्त्यांसाठी राखलेल्या दोन हजार जागांपैकी निम्म्याहून एकच जास्त, पण आकार कोणताही असो, तेवढ्या वाया जातात. त्या जागांत क्रमाने आधीच्या आणि नंतरच्या नोडचे पत्ते लिहून वृक्षात फिरणे सोपे करण्याची युक्ती ॲलन पर्लिस आणि चार्ल्स थॉर्नटन यांनी १९६० साली मांडली. तिला थ्रेडेड ट्री म्हणतात, आणि या रचनेतल्या धाग्यांसाठी नेहमी नोडांपेक्षा एक जास्त जागा मिळते.